पाट्या वर कधी? पाठ टाचणात तपासणीचे थांबे बसवण्याची पद्धत

पाट्या किंवा छोटे व्हाइटबोर्ड आता बऱ्याच वर्गांत आले आहेत. मुलं उत्तर लिहितात, पाट्या वर करतात, शिक्षक नजर फिरवतात, "छान" म्हणतात आणि टाचणात जे पुढे लिहिलेलं असतं तेच शिकवायला लागतात. चूक इथेच होते. पाट्यांवर काहीही दिसलं तरी पुढचं पाऊल तेच पडणार असेल, तर त्या तीन मिनिटांत मुलांनी नुसती कवायत केली.

मी टाचण पाहतो तेव्हा बहुतेक ठिकाणी "आकारिक मूल्यमापन : पाटीवर उत्तरे" ही ओळ शेवटी, गृहपाठाच्या वर लिहिलेली असते. तिथे ती निरुपयोगी आहे. तासिका संपायला तीन मिनिटं असताना अर्धा वर्ग चुकलाय हे कळलं, तरी करायला वेळच उरत नाही. म्हणून या लेखात पाट्या कशा वापरायच्या याइतकंच त्या टाचणात नेमक्या कुठे बसवायच्या हे सांगतो आहे. उदाहरण एकच घेऊ: सहावीचा वर्ग, ३६ मुलं, ४० मिनिटांची तासिका, विषय दशांश अपूर्णांकांची तुलना.

## आधीची तयारी: साहित्य आणि सवय

पाट्यांचा पहिला प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा साहित्यामुळे, त्यामुळे आधी ते पाहू.

साधी दगडी पाटी चालते, पण पाटीवरच्या पेन्सिलीची रेघ बारीक आणि फिकट असते. फळ्याजवळ उभं राहून तिसऱ्या रांगेच्या मागचं काही वाचता येत नाही. त्याच पाटीवर पेन्सिलऐवजी खडूने लिहायला सांगा, लगेच दिसतं. पाट्या नसतील तर पारदर्शक प्लास्टिकच्या पाऊचमध्ये कोरा जाड कागद घाला आणि वर व्हाइटबोर्ड मार्करने लिहा. पुसायला जुन्या सुती कपड्याचा तळहाताएवढा तुकडा प्रत्येकाकडे हवा. तो नसला की मुलं थुंकी लावून बाहीने पुसतात आणि दोन दिवसांत प्लास्टिक धुरकट होतं. कुणी चुकून परमनंट मार्कर वापरला तर त्याच रेघांवर व्हाइटबोर्ड मार्करने गिरवून लगेच पुसा, डाग बहुतेक निघतो.

सवय तीन शब्दांची लावायची: लिहा, पालथी, दाखवा. "लिहा" म्हटलं की लिहायचं. झालं की पाटी बाकावर पालथी ठेवायची आणि हात पाटीवर ठेवायचा. "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम, दोन्ही हातांनी, हनुवटीखाली पाटी धरायची. पालथी ठेवण्याची पायरी गाळू नका. ती गाळली की वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या दोन मुलांच्या पाट्या आधी वर जातात, बाकीचे तिकडे बघून आपलं पुसतात आणि तुम्हाला ३६ पाट्यांवर दोघांचंच उत्तर दिसतं.

ही सवय नव्या घटकाच्या दिवशी लावू नका. आदल्या आठवड्यात दोन-तीन दिवस सोप्या प्रश्नांवर, पाढ्यांवर म्हणा, रोज पाच मिनिटं सराव घ्या. नव्या घटकाच्या दिवशी मुलांचं लक्ष पाटीवर नको, प्रश्नावर हवं.

तपासा: शेवटच्या बाकावरच्या मुलाला पाटी धरायला सांगा आणि फळ्याजवळून वाचा. आकडे चार बोटांएवढे उंच नसतील तर वाचता येत नाहीत. "मोठं लिही" असं सांगण्यापेक्षा "पाटीवर एकच उत्तर मावेल एवढं मोठं लिही" असं सांगितलं तर मुलांना पटकन कळतं.

## टप्पा १: टाचणात आधी धोक्याच्या जागा शोधा

थांबे ठरवण्याआधी नेहमीसारखं साधं टाचण लिहून काढा. आमच्या उदाहरणात ते असं होतं:

- ० ते ५ मिनिटं: दशांश, शतांश यांची उजळणी
- ५ ते १५: शंभर चौकटींच्या जाळीवर दशांश अपूर्णांक दाखवणे
- १५ ते २०: दोन-तीन संख्यांची तुलना, फळ्यावर उदाहरणं
- २० ते ३२: वहीत सराव
- ३२ ते ३७: उत्तरं तपासणे
- ३७ ते ४०: गृहपाठ

आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून स्वतःला विचारा: इथे मूल अडलं असेल आणि मला ते कळलं नाही, तर पुढच्या ओळीत ते काय करेल? उत्तर "थोडं मागे पडेल" असं असेल तर पुढे जा. "पुढचं सगळं चुकीच्या समजुतीवर करेल" असं असेल तर तिथे खूण करा.

या टाचणात अशा तीन जागा निघतात. पहिली उजळणीनंतर: ०.४ म्हणजे चार दशांश, म्हणजेच चाळीस शतांश, हे ज्याला माहीत नाही त्याला जाळीवरचं काहीच लागणार नाही. दुसरी तुलना शिकवून झाल्यावर, वह्या उघडण्याआधी. ही सगळ्यात महत्त्वाची, कारण मूल वहीत बारा मिनिटं चुकीच्या नियमाने गणितं सोडवत बसलं तर तो नियम बारा मिनिटं पक्का होतो. तिसरी सरावानंतर, गृहपाठाआधी.

जाळी समजावून देत असताना मध्येच थांबा टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. एक कल्पना पूर्ण मांडून होईपर्यंत मुलाकडे उत्तर द्यायला काही नसतं. अर्ध्यात विचारलं की चुकीची उत्तरं येतात, पण ती न समजल्याची नसून न संपल्याची असतात आणि तुमचा निष्कर्ष चुकतो.

सावध: चाळीस मिनिटांत तीनपेक्षा जास्त थांबे नकोत. प्रत्येक थांबा नीट घेतला तर तीन ते चार मिनिटं जातात. पाच-सहा थांबे टाकले की प्रत्येक ठिकाणी घाई होते आणि शेवटी एकही धड होत नाही.

## टप्पा २: प्रश्न घरी लिहा, आणि त्याची चुकीची उत्तरं आधी लिहा

या टप्प्याला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण थांबा योग्य जागी असूनही प्रश्न कच्चा असेल तर पाट्या तुम्हाला फसवतात.

दशांश अपूर्णांकांच्या तुलनेत मुलांच्या दोन ठरलेल्या गैरसमजुती असतात. पहिली: जितके जास्त अंक तितकी संख्या मोठी. याचं मूळ आपल्या वाचण्यात आहे. ०.१२५ हे "शून्य दशांश चिन्ह एक दोन पाच" असं न वाचता आपण घाईत "पॉइंट एकशे पंचवीस" म्हणून जातो. मुलाच्या कानात एकशे पंचवीस राहतात, आणि ते अर्थातच पंचेचाळीसपेक्षा मोठे. दुसरी गैरसमजूत याच्या नेमकी उलट: जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. ही बहुधा आपणच शिकवलेल्या एका खऱ्या वाक्यातून येते. शतांश दशांशापेक्षा लहान, सहस्रांश त्याहून लहान, हे ऐकून मूल ठरवतं की सहस्रांशापर्यंत गेलेली संख्या लहानच असणार.

आता हा प्रश्न बघा: ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? बरोबर उत्तर ०.४. दिसायला प्रश्न चांगला आहे. पण "जास्त अंक म्हणजे लहान" असं मानणारं मूलही ०.४ च लिहितं. तुम्ही पाटी पाहता, खूश होता आणि पुढे जाता. ते मूल पूर्ण चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं असतं.

आता फक्त आकडे बदलू: ०.३, ०.४५ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत मोठी कोणती?

- स्थानांची किंमत समजलेलं मूल लिहील ०.४५.
- जास्त अंक म्हणजे मोठी, असं मानणारं लिहील ०.१२५.
- जास्त अंक म्हणजे लहान, असं मानणारं लिहील ०.३.

तीन विचार, तीन वेगळी उत्तरं. आता पाटीवर दिसेल ते उत्तरही असेल आणि मुलाने कुठला विचार केला तेही असेल. प्रश्न पक्का झाला की नाही हे ओळखायची कसोटी हीच: प्रत्येक संभाव्य गैरसमजूत घेऊन, ते मूल होऊन, प्रश्न स्वतः सोडवून बघा. चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर येत असेल तर आकडे बदला.

पैशांची उदाहरणं इथे घेऊ नका. ३.५० रुपये आणि ३.४५ रुपये यांत मोठी रक्कम कोणती, हे मुलं बरोबर सांगतात, पण रुपयांत दशांश चिन्हापुढे नेहमी दोनच अंक असतात. त्यामुळे अंकांच्या संख्येबद्दलची गैरसमजूत उघडीच पडत नाही. शिवाय मूल ते "तीन रुपये पन्नास पैसे" असं दोन सुट्या संख्यांसारखं वाचतं. त्याच मुलाला ३.५ रुपये दाखवा, बरीच मुलं "तीन रुपये पाच पैसे" म्हणतात. पैशांचं उदाहरण समजावायला वापरा, तपासायला नको.

पर्याय द्यायचे की उत्तर लिहायला लावायचं? पुढे जायचं की मागे वळायचं हे जिथे ठरतं त्या वळणाच्या जागी मी पर्याय देतो, म्हणजे पाटीवर फक्त अ, ब किंवा क येतं आणि वाचायला सोपं जातं. पण तीन पर्यायांत अंदाजाने एक-तृतीयांश मुलं बरोबर येऊ शकतात हे लक्षात ठेवा. ३६ पैकी १८ पाट्या बरोबर दिसल्या आणि बाकीचे सगळे अंदाजाने लिहीत होते असं धरलं, तर खरं माहीत असलेली मुलं फक्त ९ असू शकतात. ९ मुलांनी समजून लिहिलं, उरलेल्या २७ पैकी ९ नेम लागून बरोबर आले. म्हणून "अर्धा वर्ग बरोबर" याला "अर्ध्या वर्गाला समजलं" म्हणू नका.

तपासा: तुमचा प्रश्न मुलांना मिनिटभरात सोडवता येतो का? आणि सगळ्या पाट्या तुम्हाला अर्ध्या मिनिटात वाचता येतात का? ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डिलन विल्यम अशा वळणाच्या प्रश्नासाठी साधारण हीच मर्यादा सांगतात: मुलांना फार तर दोन मिनिटं, शक्यतो एकच, आणि शिक्षकाला फार तर तीस सेकंद. याहून जास्त लागत असेल तर प्रश्न चांगला असला तरी तो वहीतला प्रश्न आहे, पाटीवरचा नाही.

## टप्पा ३: प्रत्येक थांब्याला फाटे लिहा

प्रश्नाखाली टाचणात तीन-चार ओळी लिहायच्या: हे दिसलं तर हे करेन. वर्गात उभं राहून हा निर्णय घेता येत नाही. तिथे गडबड असते, घंटेचा विचार असतो, आणि माणूस सवयीने पुढेच जातो. माझ्या टाचणातले दुसऱ्या थांब्याचे फाटे जसेच्या तसे देतो.

तीसच्या आसपास पाट्या ०.४५: पुढे जायचं. चुकलेल्या पाच-सहा मुलांना सरावाच्या वेळी फळ्याजवळ घ्यायचं.

बऱ्याच पाट्या ०.१२५: परत जाळीकडे. फळ्यावर तीन जाळ्या. ०.३ साठी तीन उभ्या पट्ट्या रंगवायच्या, ०.४५ साठी चार पट्ट्या आणि पाच चौकटी, ०.१२५ साठी एक पट्टी, दोन चौकटी आणि अर्धी चौकट. काही न बोलता रंगवायचं आणि मुलांना विचारायचं, कुठे जास्त रंग दिसतो.

बऱ्याच पाट्या ०.३: जाळ्या त्याच, प्रश्न वेगळा. "०.४५ मध्ये पूर्ण पट्ट्या किती? चार. मग तीन पट्ट्या जास्त की चार? शतांश लहान असतो हे खरं, पण इथे दशांशच जास्त आहेत." या मुलांना नुसतं "शून्य लावून अंक सारखे करा" असं सांगितलं तर उत्तर येतं, पण डोक्यातली समजूत तशीच राहते.

वर्ग विभागलेला: उत्तर सांगायचं नाही. शेजारी वेगळं उत्तर असलेल्यांची जोडी, दोन मिनिटं एकमेकांना पटवायचं, मग पाट्या पुसून पुन्हा लिहायचं.

हे फाटे लिहिताना कळतं की यासाठी वेळ कुठून तरी काढावा लागणार. तोही टाचणातच काढा. उजळणीची पाच मिनिटं तीनवर, जाळीची दहा सातवर आणि सरावाची बारा सातवर आणा आणि उत्तरं तपासण्याची वेगळी पाच मिनिटं पूर्ण काढा, कारण तिसरा थांबा तेच काम करतो. नवं टाचण असं झालं:

- ० ते ३: उजळणी
- ३ ते ६: थांबा १
- ६ ते १३: जाळीवर दशांश अपूर्णांक
- १३ ते १८: तुलना
- १८ ते २२: थांबा २
- २२ ते २६: राखीव, फाट्यानुसार
- २६ ते ३३: वहीत सराव
- ३३ ते ३६: थांबा ३
- ३६ ते ४०: गृहपाठ, दोनपैकी एक

सावध: राखीव चार मिनिटं रिकामी सोडायला मन धजावत नाही. वाटतं, वर्गाला समजलं तर वेळ वाया जाईल. तो जात नाही, सरावाला मिळतो. पण राखीव वेळच नसेल तर थांब्यावर जे दिसेल ते बघून न बघितल्यासारखं करावं लागतं.

## टप्पा ४: पहिला थांबा, पाया आहे का

प्रश्न: शंभर चौकटींच्या जाळीत ०.४ दाखवायला किती चौकटी रंगवाल?

बरोबर उत्तर ४०. चुकीचं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, ४. पाट्या वाचायला दहा सेकंदं पुरतात, कारण एक आकडा की दोन आकडे एवढंच बघायचं आहे. इथे पर्याय देऊ नका. पर्यायांत ४० दिसलं की ते आठवतं.

दहाहून जास्त मुलांनी ४ लिहिलं असेल तर आज तीन स्थानांपर्यंतची तुलना शिकवायची नाही. जाळीची सात मिनिटं दहा करा, दशांश आणि शतांशच घ्या, ०.१२५ उद्यावर ढकला. अशा वेळी दुसऱ्या थांब्याचा प्रश्नही बदलायला लागतो, कारण तीन अंकी संख्या मुलांनी पाहिलेलीच नसते. म्हणून त्याची सोपी आवृत्ती टाचणात आधीच लिहून ठेवा: ०.५ आणि ०.५० यांत मोठी कोणती, की दोन्ही समान? इथेही तीन विचारांची तीन उत्तरं येतात.

## टप्पा ५: दुसरा थांबा, वळणाची जागा

इथला क्रम बदलू नका.

१. प्रश्न फळ्यावर लिहा, तोंडी सांगू नका. ऐकलेला दशांश अपूर्णांक मूल पुन्हा "पॉइंट एकशे पंचवीस" म्हणून ऐकतं. पर्याय अ ०.३, ब ०.४५, क ०.१२५.

२. "आधी फक्त बघा" म्हणा आणि पाच सेकंद थांबा. हे थांबणं अवघड जातं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. मनात पाच आकडे मोजा.

३. "लिहा." तीस-चाळीस सेकंद. या वेळात बाकांमधून फिरू नका. तुम्ही कुठे थांबता, कुणाच्या पाटीवर मान हलवता, हे मुलं टिपत असतात.

४. "पालथी." सगळ्यांची होईपर्यंत थांबा. कोरी पाटी चालत नाही. येत नसेल तर प्रश्नचिन्ह काढायचं, हे आधीच ठरलेलं हवं. प्रश्नचिन्ह हेही उत्तर आहे.

५. "दाखवा." चेहरा सपाट ठेवा. शेवटच्या रांगेपासून पुढे या, कारण पुढून सुरुवात केली की मागच्या पाट्या तुमची नजर पोचेपर्यंत खाली जातात. पहिल्या फेरीत एकच गोष्ट मोजा: ब नसलेल्या पाट्या. दुसऱ्या फेरीत बघा त्यांत अ जास्त की क.

६. टाचणाच्या समासात दोन आकडे लिहा आणि त्या फाट्यावर जा.

पाट्या वर असताना कुणालाही "शाब्बास" म्हणू नका, कुणाचं नाव घेऊ नका. "अरे, हे काय लिहिलंस" हे एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी शेजाऱ्याचं बघून लिहितं, आणि त्या पाटीवरून तुम्हाला पुन्हा कधी खरं कळत नाही.

एक प्रसंग सांगतो. विभागलेल्या वर्गात मी जोड्या लावल्या होत्या. क लिहिलेली एक मुलगी शेजारणीला हिरिरीने सांगत होती, "एकशे पंचवीस पंचेचाळीसपेक्षा मोठे नाहीत का?" शेजारणीने ब लिहिलं होतं, पण तिला उत्तर देता येईना. तिने पाटीचा कोपरा पुसला, एक चौकोन काढला, त्याच्या दहा उभ्या पट्ट्या केल्या आणि म्हणाली, "तुझ्या एकशे पंचवीसची पट्टी किती भरते ते दाखव." पहिलीने एक पट्टी रंगवली, दुसरीच्या खालच्या टोकाला थोडं रंगवलं आणि थांबली. मग न बोलता क पुसला. मी फळ्यावर तीन जाळ्या काढून हेच सांगितलं असतं, पण इतकं नेमकं तिच्या अडचणीच्या जागी बोट ठेवून सांगता आलं नसतं. विभागलेला वर्ग दिसला की उत्तर सांगायची घाई करू नका, असं म्हणतो ते यामुळे.

फाटा झाल्यावर दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि तो पहिल्याची नक्कल नको. पहिल्यात सर्वांत मोठी संख्या विचारली होती. म्हणून प्रश्न उलटा करा: ०.६१४, ०.८, ०.३५ यांपैकी सर्वांत लहान कोणती? बरोबर उत्तर ०.३५. जास्त अंक म्हणजे मोठी असं मानणारं मूल ०.८ लिहील, लहान असं मानणारं ०.६१४. इथे बरोबर उत्तर पुन्हा दोन अंकी आहे, त्यामुळे मागचं उत्तर आठवून नुसत्या ठोकताळ्याने दोन अंकी संख्या निवडणारं मूलही बरोबर येईल. म्हणून उत्तरासोबत कारण एका शब्दात लिहायला सांगा, "दशांश" एवढंही पुरतं.

तपासा: पहिल्या प्रश्नावर चुकलेल्या मुलांच्या पाट्या दुसऱ्या प्रश्नाला आधी बघा. बाकीच्यांच्या पाट्यांनी तुमचं काही बिघडत नाही.

## टप्पा ६: तिसरा थांबा, गृहपाठ कोणता द्यायचा

प्रश्न: ०.४ आणि ०.५ यांच्या मध्ये येणारी एक संख्या लिहा.

हा खुला प्रश्न आहे, पर्याय नाहीत, त्यामुळे पाट्या वाचायला जास्त वेळ लागतो. म्हणूनच तो शेवटी ठेवला आहे. इथे लगेच वळायचं नाही, फक्त दोन गठ्ठे करायचे आहेत: पहिला बरोबर लिहिणाऱ्यांचा, दुसरा चुकलेल्यांचा. ०.४५, ०.४१, ०.४३२ असं काहीही चालेल. "नाही" किंवा "मध्ये काही येत नाही" लिहिणारी मुलं ०.४ नंतर थेट ०.५ मोजतात. ४.५ किंवा ०.४.५ लिहिणाऱ्यांना मध्ये काहीतरी आहे हे जाणवलंय, पण लिहिण्याची रीत माहीत नाही. या दोघांना वेगवेगळी मदत लागते.

पाट्या पुसायला लावू नका. पहिल्या गठ्ठ्याच्या मुलांना पाटीवर आणखी दोन संख्या लिहायला सांगा, तेवढ्या वेळात दुसऱ्या गठ्ठ्याजवळ जा. गृहपाठ दोन प्रकारचा तयार ठेवा: एकात जाळीवर रंगवून तुलना, दुसऱ्यात संख्यारेषेवर मधल्या संख्या. वहीत कोणता घ्यायचा हे पाटीवरून ठरतं, मुलाच्या रोलनंबरवरून नाही.

## टप्पा ७: तासिकेनंतरची दोन मिनिटं

पाटीवरच्या उत्तरांना गुण देऊ नका आणि ३६ नावांचा तक्ता भरत बसू नका. गुण दिल्याचं मुलांना कळलं की पाट्या चाचणी होतात आणि प्रश्नचिन्ह लिहिणारी मुलं नाहीशी होतात. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आहेच. दुसऱ्या प्रश्नालाही चुकलेल्या तीन-चार मुलांची नावं आणि त्यांनी काय लिहिलं, "०.८ लिहिलं, अंक मोजतो" एवढंच, तिथे नोंदवा. मूल्यमापनाच्या नोंदी भरताना ही ओळ "गणितात प्रगती करतो" यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

मग उद्याचं टाचण उघडा आणि त्याचा पहिला थांबा बदला. ती तीन-चार मुलं ज्या गैरसमजुतीमुळे चुकली तिचाच प्रश्न नव्या आकड्यांनी तिथे लिहा: ०.२, ०.६१, ०.३०७, सर्वांत मोठी कोणती? सगळा वर्ग सोडवेल, पण तुम्ही बघायच्या त्या चार पाट्या कोणत्या हे तुम्हाला आधीच माहीत असेल.